नव्वद सेकंदांची गोष्ट: कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी उत्तरं कशी बसवायची

सातवं सेमिस्टर सुरू झालं की कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्लेसमेंटच्या नोटिसा लागू लागतात. अ‍ॅप्टिट्यूडचे क्लास, जुन्या प्रश्नपत्रिका, कोडिंगचा सराव हे सगळं मुलं मनापासून करतात. अडकतात ती एका साध्या प्रश्नापाशी: “तुम्हाला एखादी अडचण आली आणि तुम्ही ती सोडवलीत, असा प्रसंग सांगा.” मग दोनच गोष्टी घडतात. काही जण रात्री जागून पाठ केलेला परिच्छेद छताकडे बघत म्हणून दाखवतात. बाकीचे “अ‍ॅक्च्युअली सर” म्हणून सुरुवात करतात आणि कुठे थांबायचं ते त्यांना सापडत नाही.

या दोन्हींच्या मधलं उत्तर तयार करता येतं. त्याची तयारी झालेली असते, पण समोरच्याने मधेच अडवलं तरी ते कोलमडत नाही. त्यासाठी इथे एकच गोष्ट कच्च्या मालापासून पॅनेलच्या टेबलापर्यंत नेऊन दाखवतो. उदाहरण कल्पित आहे, पण आपल्या भागातलं आहे: मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ऐन पावसाळ्यात चार आठवड्यांची इंटर्नशिप.

आधी प्रसंग शोधा, प्रश्न नंतर

इंटरनेटवरची “टॉप पन्नास एचआर प्रश्न” ही यादी बाजूला ठेवा. पन्नास उत्तरं लक्षात राहत नाहीत, आणि राहिली तरी एकावन्नावा प्रश्न येतोच. त्यापेक्षा स्वतःच्या गेल्या दोन-तीन वर्षांतले पाच-सहा प्रसंग काढा. मिनी प्रोजेक्ट, इंटर्नशिप, कॉलेजचा इव्हेंट, तालमीच्या गणपतीचा हिशेब, घरच्या दुकानाचं किंवा गुऱ्हाळाचं काम, यातलं काहीही चालतं. २०१९च्या महापुरात केलेली मदत बरीच मुलं सांगतात. मदत खरीच असते, पण तेव्हा तुम्ही शाळेत होता आणि बहुतेक वेळा मोठ्यांनी सांगितलं तेवढंच केलं होतं. पॅनेलला तुमचा अलीकडचा निर्णय ऐकायचा असतो.

प्रसंग निवडताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. यात मी स्वतः काही ठरवलं का? ते न ठरवता वेगळं काही झालं असतं का? आणि यावर कुणी दहा मिनिटं उलटसुलट विचारलं तर मी टिकेन का? तिसऱ्या प्रश्नाला “नाही” आलं, तर प्रसंग कितीही भारी वाटला तरी सोडून द्या. सीनियरने केलेल्या प्रोजेक्टची गोष्ट इथेच गळते.

कच्चा माल कसा दिसतो

आपल्या मुलीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते साधारण असं झालं:

“सर, आम्ही चौघं शिरोलीच्या एका फाउंड्रीत इंटर्नशिपला होतो. तिथे पंपाचे पार्ट्स बनतात, ग्रे आयर्न कास्टिंग. आधी आम्हाला पॅटर्न शॉप दाखवलं, मग मोल्डिंग, मग मेल्टिंग. रिजेक्शन खूप होतं, तर आम्ही त्यावर काम केलं. ब्लोहोल यायचे. मग आम्ही अ‍ॅनालिसिस केलं आणि रिजेक्शन कमी झालं. खूप शिकायला मिळालं.”

यात खोटं काही नाही, पण पकडायलाही काही नाही. “आम्ही अ‍ॅनालिसिस केलं” या तीन शब्दांत अख्खी गोष्ट गाडली गेली आहे. चौघांत हिने काय केलं, हे कळत नाही. किती कमी झालं, कशामुळे झालं, कोण नको म्हणत होतं, यातलं काहीच नाही. उलट पॅटर्न शॉपला मात्र जागा मिळाली.

म्हणून मी मुलांना लगेच लिहायला बसवत नाही. शेजारी एकाने बसायचं आणि फक्त “म्हणजे काय केलंस?” एवढंच विचारत राहायचं. उत्तर मराठीतच द्यायचं. दहा मिनिटांत खरी गोष्ट बाहेर पडते. हिच्या बाबतीत ती अशी निघाली.

फाउंड्रीच्या रजिस्टरमध्ये रोजचं रिजेक्शन एकाच आकड्यात लिहिलं जायचं. पहिला आठवडा हिने मोल्डिंगच्या वाळूत घालवला, कारण ब्लोहोल म्हणजे वायू अडकणं, आणि वाळूत पाणी जास्त झालं की वाफ होते, हे पुस्तकात होतं. रोज ओलावा मोजला. तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ठीकच निघाला. दुसऱ्या आठवड्यात तिने रिजेक्ट झालेले नग तासांप्रमाणे वेगळे लिहायला सुरुवात केली, आणि ब्लोहोलवाले बरेचसे नग सकाळच्या शिफ्टच्या पहिल्या तासातले निघाले. एका जुन्या मोल्डरमामांना विचारलं, तर ते सहज म्हणाले, “रात्रीचे कोअर आहेत ते. पावसात ओल धरतात.” कोअर म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळ जागा राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा तुकडा. सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडवर घट्ट केलेले कोअर दमट हवेत ओलावा ओढून घेतात. त्यावर वितळलेलं लोखंड पडलं की वाफ होते, आणि ती बाहेर पडली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळी राहते. तिने सुपरवायझरना सुचवलं की रात्रीचे कोअर सकाळी वापरण्याआधी ओव्हनमध्ये सुकवावेत. ते म्हणाले, सकाळी लाइन थांबवायला वेळ नाही. मग तिने मागणी लहान केली: एकच पार्ट, एकच आठवडा, निम्मे कोअर सुकवलेले, निम्मे तसेच. सुकवलेल्यांत शंभरात चार नग ब्लोहोलने गेले, न सुकवलेल्यांत शंभरात अकरा.

आता ही गोष्ट झाली. मोल्डरमामांचं वाक्य, सुपरवायझरचा नकार आणि निम्म्या-निम्म्याची युक्ती हे तिन्ही पहिल्या उत्तरात नव्हतं, आणि पॅनेलला रस असतो तो यातच.

थांबे ठरवा

अशा उत्तरांसाठी जगभर एक साचा वापरतात: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘स्टार’ म्हणतात. साचा चांगला आहे. बिघडते ती वेळेची वाटणी. मुलं अर्धा वेळ परिस्थितीतच घालवतात, कारण तो भाग सोपा आणि बिनधोक असतो. नव्वद सेकंदांच्या उत्तरात परिस्थिती आणि जबाबदारी मिळून पंचवीस सेकंद पुरतात. पन्नास सेकंद कृतीला द्या आणि उरलेली पंधरा परिणामाला.

कृतीचे पन्नास सेकंद एकसंध ठेवू नका, नाहीतर “मग आम्ही… मग आम्ही…” सुरू होतं. त्यात दोन वळणं हवीत: जिथे तुमचा अंदाज बदलला ते एक, आणि जिथे कुणीतरी किंवा कशानेतरी अडवलं ते दुसरं. या मुलीचे सगळे थांबे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर असे बसले:

पंप हाउसिंग, ब्लोहोल, रजिस्टरात एकच आकडा
माझं काम: कारण शोधणं
आधी वाळू, साडेतीन टक्के, चूक दिशा
तासवार नोंद, पहिला तास, मोल्डरमामा
सुपरवायझर नको म्हणाले, निम्मे-निम्मे
अकरा विरुद्ध चार, एकच पार्ट, एकच आठवडा

एवढंच लिहायचं. पूर्ण वाक्य लिहिलं की डोकं ते पाठ करायला लागतं, आणि एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. एसटीच्या ड्रायव्हरला थांबे माहीत असतात, गियर कुठे टाकला ते त्याने लिहून ठेवलेलं नसतं. वाटेत म्हैस आडवी आली तरी पुढचा थांबा जागेवरच असतो.

याला अपवाद तीन. पहिलं वाक्य, आकडे आणि शेवटचं वाक्य मात्र नेमकं पाठ हवं. पहिलं वाक्य, कारण तेव्हा छाती सगळ्यात जास्त धडधडते. आकडे, कारण गडबडीत अकराचे चौदा होतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारल्यावर अकरा सांगितले की संशय येतो. शेवटचं वाक्य, कारण ते ठरलेलं नसेल तर “सो… येस सर, दॅट्स इट” होतं.

बोलून बसवा, आधी मराठीत

कार्ड समोर ठेवून मोबाइलवर रेकॉर्ड करा. पहिल्या दोन वेळा मराठीत. गोष्टीचा क्रम पक्का होईपर्यंत भाषेचं ओझं नको. मग इंग्रजीत, आणि दर वेळी मुद्दाम वेगळ्या शब्दांत. एकदा “द सुपरवायझर रिफ्यूज्ड”, पुढच्या वेळी “ही डिड नॉट वॉन्ट टु स्टॉप द लाइन”. दुसरं वाक्य जास्त साधं आहे आणि जास्त सांगतंही, त्यामुळे तेच तोंडात बसलं तर उत्तम. मराठी माध्यमातली मुलं अवघड इंग्रजी शब्द शोधण्यात थांबे विसरतात. “इम्प्लिमेंटेड अ सिस्टिमॅटिक मेथडॉलॉजी” यापेक्षा “आय वेंट थ्रू द रिजेक्शन्स अवर बाय अवर” हे वाक्य ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं.

इंग्रजीत बोलण्याचा सावकाश वेग मिनिटाला एकशेवीस-तीस शब्द धरा, म्हणजे नव्वद सेकंदांत दोनशेच्या आत. रेकॉर्डिंग दोन मिनिटांच्या पुढे गेलं तर भरभर बोलू नका, काहीतरी काढा. बहुतेक वेळा काढायचं ते पहिल्या पंचवीस सेकंदांतच असतं. पॅटर्न शॉप आणि मेल्टिंग इथे गेले.

आकार बसल्यावर उत्तर साधारण असं होतं:

“इंटर्नशिपला गेले त्या फाउंड्रीत पंप हाउसिंगचे बरेच नग ब्लोहोलमुळे रिजेक्ट होत होते, आणि रजिस्टरमध्ये दिवसाचा एकच आकडा असायचा. कारण शोधायचं काम माझ्याकडे होतं. आधी मला वाळूतल्या ओलाव्याचा संशय आला. आठवडाभर मोजला, तो बरोबर निघाला. मग मी रिजेक्शन तासवार लिहायला लागले, तेव्हा दिसलं की बरेचसे नग सकाळच्या पहिल्या तासातले आहेत. तिथल्या एका जुन्या मोल्डरनी सांगितलं की रात्री करून ठेवलेले कोअर पावसात ओल धरतात. ते सुकवून घ्यावेत असं मी सुचवलं, पण सकाळी लाइन थांबवायला सुपरवायझर तयार नव्हते. म्हणून मी एकाच पार्टवर, एकच आठवडा, निम्मे कोअर सुकवून आणि निम्मे तसेच ठेवून बघू या, असं म्हटलं. न सुकवलेल्यांत शंभरात अकरा नग गेले, सुकवलेल्यांत चार. चाचणी छोटी होती, पण त्यानंतर त्यांनी त्या पार्टसाठी कोअर सुकवणं चालू ठेवलं.”

मोल्डरमामांचं श्रेय तिने स्वतःकडे घेतलं नाही. त्याने उत्तर कमजोर होत नाही. कामगाराला विचारायचं सुचलं, हे मॅन्युफॅक्चरिंगमधल्या माणसाला आवडतंच. शेवटचं वाक्य मात्र खरं असेल तरच म्हणायचं. पुढे काय झालं ते माहीत नसेल, तर “छोटी चाचणी होती, पुढचा निर्णय त्यांच्याकडे सोपवून आम्ही निघालो” एवढंच म्हणा.

जास्त पाठ झालंय का, हे कसं ओळखायचं

रेकॉर्डिंग ऐका. दर वाक्याच्या शेवटी सूर एकाच जागी पडत असेल, किंवा मधल्या भागात वेग वाढत असेल, तर ते पाठांतर आहे. पण खात्रीची परीक्षा दुसऱ्या माणसाबरोबरच होते. रूममेटला सांगा, “भावा, मधेच तोड.” तुम्ही सुपरवायझरपर्यंत आलात की त्याने विचारावं, “थांब, कोअर म्हणजे काय?” कॉमर्सचा मित्र असेल तर आणखी चांगलं, तो खरंच विचारेल. दोन वाक्यांत सांगा आणि सुटलेल्या थांब्यापासून पुढे जा. परत पहिल्या वाक्यापासून सुरू करावंसं वाटलं, तर कार्डावरचे शब्द कमी करा आणि उलट क्रमाने सांगून बघा: आधी परिणाम, मग तिथवर कसे पोहोचलात ते.

मग तीस सेकंदांची आवृत्ती काढा. तिच्यासाठी वेगळं लिखाण नको. पहिला, चौथा आणि सहावा थांबा घ्यायचा: ब्लोहोलमुळे रिजेक्शन, तासवार नोंदीतून रात्रीच्या कोअरपर्यंत पोहोचणं, अकरा विरुद्ध चार. पॅनेल घाईत असेल तर हीच द्या. त्यांना हवं असेल तर ते पुढचं विचारतात, आणि तेव्हाचं बोलणं सगळ्यात नैसर्गिक होतं. हा सराव खोलीत बसून करण्यापेक्षा रंकाळ्याला फेरी मारताना करा. चालताना आठवलेली वाक्यं पुस्तकी राहत नाहीत.

एकाच गोष्टीची तोंडं

लवचीकपणा खरा कामाला येतो तो इथे. थांबे तेच राहतात, बदलतं ते पहिलं वाक्य आणि कुठे रेंगाळायचं ते.

“अपयशाचा प्रसंग सांगा” असं आलं, तर तिसरा थांबा मोठा होतो. सुरुवात अशी: “चार आठवड्यांच्या इंटर्नशिपचा पहिला आठवडा मी चुकीच्या कारणामागे घालवला.” मग वाळूच का वाटली, कोणता आकडा बघून ती सोडली, आणि आधी तासवार नोंद केली असती तर काय वाचलं असतं. परिणाम एका वाक्यात. “वरिष्ठांशी मतभेद” असं आलं, तर पाचवा थांबा मोठा. तिथे सुपरवायझरची बाजू न्याय्यपणे सांगावी लागते: त्यांच्यावर रोजच्या उत्पादनाचं टार्गेट होतं, आणि चार आठवड्यांच्या इंटर्नच्या शब्दावर लाइन थांबवणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांना हट्टी ठरवलंत तर पॅनेल तुम्हालाच तसं समजेल. “टीममध्ये काम” असं आलं, तर बाकीच्या तिघांनी काय केलं ते सांगावं लागेल, आणि ते सांगण्यासारखं नसेल तर ही गोष्ट तिथे वापरू नका, गणपतीच्या हिशेबाची काढा.

प्रश्नाचा रोख कळला नाही, तर एक श्वास घेऊन विचारा: “सर, इंटर्नशिपमधला प्रसंग चालेल का?” यात दोन-तीन सेकंद मिळतात आणि उद्धटही वाटत नाही. एकाच इंटरव्ह्यूत तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगू नका. फार तर “मगाशी सांगितलेल्या फाउंड्रीतच” म्हणून एका वाक्यात संदर्भ द्या. पाच-सहा प्रसंग लागतात ते यासाठीच.

सगळ्याच प्रश्नांना मात्र गोष्ट लागत नाही. “स्वतःबद्दल सांगा” याला मिनिटाभराची ओळख पुरते. “आमच्या कंपनीत का?” याला कंपनीबद्दलची माहिती लागते. तांत्रिक प्रश्नाला तांत्रिक उत्तर द्या. ब्लोहोल आणि श्रिंकेज यांतला फरक विचारल्यावर इंटर्नशिपची कहाणी सुरू केली, तर उत्तर येत नाही म्हणून टाळलं असंच दिसतं.

पुढचे प्रश्न

गोष्ट सांगून झाली की खरा इंटरव्ह्यू सुरू होतो. प्रत्येक थांब्यावर “का?”, “किती?” आणि “नाहीतर काय?” विचारून प्रश्नांची यादी करा. या मुलीला नक्की येतील असे तीन बघा.

“ओव्हनचं तापमान किती होतं?” हे सुपरवायझरनी ठरवलं असेल आणि तिला आठवत नसेल, तर “तापमान त्यांनी सेट केलं होतं, मला आकडा आठवत नाही. मी नगांची नोंद ठेवत होते” हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजाने आकडा ठोकला आणि समोर फाउंड्रीतलाच माणूस बसला असेल, तर संपलं. आपल्या भागात तो बसलेला असण्याची शक्यता बरीच असते.

“त्या आठवड्यात पाऊसच कमी झाला असेल, म्हणून ब्लोहोल घटले असतील?” हा प्रश्न आला तर आनंद माना, कारण निम्म्या-निम्म्याची युक्ती याच शंकेसाठी होती. दोन्ही प्रकारचे कोअर त्याच आठवड्यात, त्याच पहिल्या तासात वापरले, त्यामुळे हवेचा फरक दोन्हींना सारखाच लागला. तुमच्या खऱ्या प्रसंगात अशी तुलना नसेल, म्हणजे आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा एवढंच असेल, तर ती शंका मान्य करा आणि पुन्हा करायचं झालं तर कशी तुलना कराल ते सांगा. नसलेली चाचणी तिथे बसून तयार करू नका.

“सुकवण्याचा खर्च किती? रिजेक्शन वाचलं त्यापेक्षा जास्त तर नाही?” बहुतेक मुलांनी हे मोजलेलं नसतं. “मी मोजलं नाही. मोजायचं तर ओव्हनची वीज, जादा माणूस आणि लाइनचा गेलेला वेळ एका बाजूला, आणि शंभरामागे वाचलेल्या सात नगांचं मशिनिंगपूर्वीचं मूल्य दुसऱ्या बाजूला धरेन.” विचार कसा चालतो हे यातून दिसतं, आणि त्यांना बघायचं असतं तेच.

ज्या प्रश्नावर अडलात तो त्याच दिवशी कार्डाच्या मागच्या बाजूला लिहा. कंपनी गेटबाहेर पडली की बाकीच्यांनाही काय काय विचारलं ते विचारून घ्या, आणि ज्या थांब्यावर प्रश्न जास्त आले तिथे एक वाक्य आधीच घाला. पुढच्या कंपनीची तारीख लागेपर्यंत कार्ड एवढंच बदलायचं.